मुलाखत सकाळी नऊला, मग विमान कितीचं?

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीचं पत्र आलं की पहिल्या तासात दोन गोष्टी होतात. घरी फोन जातो आणि मोबाइलवर विमानाच्या तिकिटांची शोधाशोध सुरू होते. शोधताना आपण यादी दराच्या क्रमाने लावतो, सगळ्यात वरचं तिकीट बघतो, आणि ते आदल्या रात्री उशिरा पोहोचणारं असतं. "मुलाखत सकाळी नऊला आहे, विमान रात्री पावणेबाराला उतरतंय, म्हणजे हातात नऊ तास आहेत. चिक्कार झाले की!" असा हिशेब होतो आणि तिकीट निघतं.

माझं संशोधन वाहतुकीच्या वेळापत्रकांवर आहे. उशीर कुठे जन्माला येतो आणि कसा पसरतो, हा त्यातला एक भाग. त्यामुळे ओळखीची मुलं पत्र आलं की तिकिटाबद्दल विचारतात. त्यांना जे सांगतो तेच इथे नीट मांडतोय. थोडक्यात मुद्दा असा: मुलाखतीआधी किती तास मोकळे आहेत हे मोजू नका. तुमचं विमान रद्द झालं तर वेळेत पोहोचवणारे किती पर्याय शिल्लक राहतात, ते मोजा. रात्रीच्या विमानाच्या मागे नऊ तास असतात, पण त्या नऊ तासांत दुसरं उपयोगी विमान जवळजवळ नसतं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. सांगलीची एक विद्यार्थिनी आहे. मुलाखत आयआयटी दिल्लीत, गुरुवारी १८ डिसेंबरला, आणि सकाळी ९ वाजता विभागात हजर राहायचं आहे. ती पुण्याहून विमान धरणार आहे. खाली दिलेल्या विमानांच्या वेळा आणि दर हिशेबासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या मार्गाचे खरे आकडे घाला.

सरासरी उशीर हा फसवा आकडा आहे

"हे विमान साधारण किती लेट होतं?" हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर म्हणून सरासरी सांगितली जाते आणि तिथेच गडबड होते.

समजा एका विमानाची गेल्या दहा दिवसांची नोंद तुम्ही काढली. पोहोचायला झालेला उशीर मिनिटांत असा निघाला: ५, ०, १२, ८, २०, ०, १५, १०, १९०, ४०. यांची बेरीज ३००, म्हणजे सरासरी ३० मिनिटं. पण नीट बघा, दहापैकी आठ दिवस विमान २० मिनिटांच्या आत पोहोचलं आहे. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला काढला, तर तो ११ येतो. आणि एक दिवस असा आहे की उशीर तीन तासांच्या वर गेला. ३० मिनिटं हा अनुभव दहापैकी एकाही दिवशी कुणाला आलेला नाही.

विमानांचा उशीर असाच असतो. बहुतेक दिवस किरकोळ आणि एखाद्या दिवशी प्रचंड. आलेख काढला तर डावीकडे मोठा ढीग आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट दिसते. रोज प्रवास करणाऱ्या माणसाला ढीग महत्त्वाचा. तुमची मुलाखत मात्र एकदाच आहे, म्हणून तुम्हाला शेपटीची काळजी करायची आहे. शिवाय या नोंदीत रद्द झालेली विमानं नसतात, कारण न उडालेल्या विमानाला उशिराचा आकडाच नसतो. शेपटीचं सगळ्यात टोक असं यादीतून गायब असतं.

ही नोंद काढणं अवघड नाही. Flightradar24 सारख्या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या ठरलेल्या आणि प्रत्यक्ष वेळा दिसतात. दोन आठवडे रोज रात्री दोन मिनिटं काढून वहीत लिहिल्या तरी पुरे. मग सरासरी काढू नका. सगळ्यात वाईट दोन दिवस कोणते ते बघा, आणि किती दिवस विमान रद्द झालं ते वेगळं मोजा. तुमचं नियोजन त्या वाईट दिवशी टिकलं पाहिजे.

उशीर सकाळी जन्मतो आणि रात्री मोठा होतो

देशांतर्गत मार्गावरचं एक विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी दिल्ली–पुणे, मग पुणे–बेंगळुरू, मग आणखी कुठे, असं रात्रीपर्यंत. एका ठिकाणी उतरल्यावर पुन्हा उडण्यासाठी ३०–४५ मिनिटं ठेवलेली असतात. तेवढ्यात प्रवासी उतरतात, सफाई होते, इंधन भरलं जातं आणि नवे प्रवासी चढतात. सकाळी पहिल्या फेरीला दीड तास उशीर झाला, तर तो पुढच्या एका थांब्यात भरून निघत नाही. दुसऱ्या फेरीला जातो, तिथून तिसऱ्या. आमच्या क्षेत्रात याला साखळी उशीर म्हणता येईल. मूळ कारण सकाळी संपलेलं असतं, तरी संध्याकाळचे प्रवासी त्याचे परिणाम भोगत असतात. दिवस संपताना वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादाही जवळ येते. ती ओलांडता येत नाही, म्हणून रात्रीचं विमान नुसतं उशिरा न जाता कधीकधी रद्दच होतं.

म्हणून सर्वसाधारण नियम असा की सकाळचं विमान बरं आणि रात्री उशिराचं वाईट. सकाळचं विमान बहुतेक वेळा रात्रभर तिथेच उभं असतं, त्याला आधीच्या फेरीचं ओझं नसतं.

पण हिवाळ्यातल्या दिल्लीला हा नियम तसाच्या तसा लावू नका. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तिथे दाट धुकं पडतं. ते मध्यरात्रीनंतर वाढत जातं, पहाटे ते सकाळी आठ-नऊपर्यंत सगळ्यात दाट असतं आणि ऊन चढल्यावर विरळ होतं. दिल्लीच्या धावपट्ट्यांवर कॅट-३ बी नावाची उतरण्याची यंत्रणा आहे. तिच्या मदतीने धावपट्टीवर फक्त ५० मीटरपर्यंत दिसत असलं, तरी विमान उतरू शकतं. मात्र त्यासाठी विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकांनी ते प्रशिक्षण घेतलेलं हवं. उडायला मात्र साधारण १२५ मीटर दिसावं लागतं. त्यामुळे एक विचित्र परिस्थिती येते. विमानं उतरू शकतात पण निघू शकत नाहीत, आणि उभं राहायच्या जागा भरतात. शिवाय कमी दिसत असताना दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, त्यामुळे तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्याच घटते. उरलेली विमानं आकाशात घिरट्या घालतात, दुसऱ्या शहरात उतरतात किंवा मुळात निघतच नाहीत. १४ जानेवारी २०२४ ला असंच झालं. दिल्लीच्या धुक्यामुळे देशभरातली उड्डाणं तासन्‌तास रखडली होती.

आता दोन गोष्टी एकत्र करा. पहाटेचं विमान थेट धुक्यात जाऊन पोहोचतं. रात्रीचं विमान सकाळच्या धुक्याची साखळी अंगावर घेऊन येतं आणि त्याच्या मागे पुन्हा धुक्याचीच वेळ असते. मधली खिडकी उरते ती दिल्लीत दुपारी साधारण १ ते ४ च्या दरम्यान उतरणाऱ्या विमानांची. त्यांनाही उशीर होतो, कारण तुमचं विमान सकाळी दिल्लीहूनच यायचं असू शकतं. पण दुपारी झालेला उशीर दिवसाउजेडीच निस्तरता येतो.

चार तिकिटं, आणि प्रत्येकामागे काय उरतं

आपल्या सांगलीच्या विद्यार्थिनीसमोर चार तिकिटं आहेत.

पहिलं, गुरुवारी पहाटे ४:४५ ला निघून ७ वाजता पोहोचणारं. दर ४,९००. राहण्याचा खर्च शून्य. हे सरळ बाजूला ठेवा. ठरलेल्या वेळेत पोहोचलं तरी नऊपर्यंत दोनच तास आहेत, आणि उतरायची वेळ धुक्याची आहे. याच्या मागे पर्याय शून्य.

दुसरं, बुधवारी रात्री ९:३० ला निघून ११:४५ ला पोहोचणारं. दर ५,२००. मोह होतो तो याचाच. पण हे रद्द झालं तर? पुढची विमानं मध्यरात्रीनंतरची आणि पहाटेची, म्हणजे पुन्हा धुक्यातली. शिवाय वेळेवर उतरलं तरी मेट्रो रात्री अकराच्या सुमारास बंद होते, त्यामुळे अनोळखी शहरात मध्यरात्री टॅक्सी शोधणं आलं.

तिसरं, बुधवारी सकाळी ११:३० ला निघून दुपारी १:४५ ला पोहोचणारं. दर ६,८००. एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वेगळा. हे रद्द झालं तर त्याच दिवशी दुपार, संध्याकाळ आणि रात्रीची विमानं अजून जायची आहेत.

चौथं, बुधवारी कोल्हापूरहून मुंबई आणि मुंबईहून दिल्ली, दोन वेगळी तिकिटं, एकूण ५,६००. घराजवळून निघता येतं म्हणून आकर्षक. पण कोल्हापूरसारख्या विमानतळावरून दिवसाला मोजकीच उड्डाणं असतात, म्हणजे पहिल्याच टप्प्यामागे पर्याय नाही. आणि दोन वेगळी तिकिटं म्हणजे दोन वेगळे करार. पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला 'आलाच नाहीत' असं धरते. पुढच्या विमानात बसवायची तिची जबाबदारी नसते आणि भाड्यातले बहुतेक पैसे जातात. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असते, तर पुढे पोहोचवणं कंपनीच्या अंगावर असतं. जोडविमान घ्यावंच लागलं, तर ते एकाच पीएनआरवर घ्या.

तर निवड तिसऱ्याची. पण "मागे चार विमानं आहेत" म्हणून निर्धास्त होण्याआधी एक हिशेब बघायला हवा, कारण पर्याय असणं आणि त्यात जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक रद्द विमान किती विमानांत मावतं?

समजा १८० जागांचं भरलेलं विमान रद्द झालं. त्याच मार्गावरच्या पुढच्या प्रत्येक विमानात दहा टक्के, म्हणजे १८ जागा रिकाम्या आहेत. १८० माणसांना सामावून घ्यायला अशी दहा विमानं लागतील. दिवसाला त्या मार्गावर एका कंपनीची पाच-सहा विमानं असतील, तर शेवटच्या माणसाचा नंबर दुसऱ्या दिवशी लागणार. त्यात धुक्याने एकाऐवजी तीन विमानं रद्द झाली, तर रांग पाच-सहा दिवस लांबते.

'आदल्या दिवशी निघू' हा नियम कधी पुरतो आणि कधी नाही, ते या हिशेबावरून ठरतं. दिवसभर विमानं असलेला मार्ग आणि बरा हंगाम असेल, तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणं पुरतं. धुक्याचे आठवडे, जोराचा पावसाळा, सणाची गर्दी किंवा दिवसाला एक-दोनच विमानं असलेलं शहर असेल, तर आणखी एक दिवस मागे जा. आपल्या उदाहरणात तारीख १८ डिसेंबर आहे, म्हणजे धुक्याचा हंगाम नुकता लागतोय. बुधवारी सकाळी ११:३० चं विमान चालेल. हीच मुलाखत ५ जानेवारीला असती, तर मी दोन दिवस आधीचं तिकीट सुचवलं असतं.

आणि याच हिशेबातून एक सवय लागते. विमान रद्द झाल्याचा संदेश आला की काउंटरच्या रांगेत उभं राहता राहताच कंपनीच्या अ‍ॅपवर बदली विमान निवडा. रिकाम्या १८ जागा अ‍ॅपवर पाच मिनिटांत संपतात, रांग तासभर चालते.

पर्यायाचं कारण वेगळं हवं

आता थोडा सूक्ष्म पण कामाचा मुद्दा. दोन पर्याय एकाच कारणाने बंद पडणार असतील, तर तो एकच पर्याय आहे. संख्याशास्त्र शिकलेल्यांना हे परिचित वाटेल: दोन घटना स्वतंत्र असतील तरच त्यांच्या शक्यतांचा गुणाकार करता येतो.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हे देशाने पाहिलं. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते आणि इंडिगोचं वेळापत्रक त्यात बसेना. काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. हवा स्वच्छ होती आणि विमानतळ चालू होते. पण ज्यांचं तिकीट आणि मनातला पर्याय दोन्ही त्याच कंपनीचे होते, त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. इतर कंपन्यांचे दर इतके चढले की केंद्र सरकारला त्यांच्यावर तात्पुरती मर्यादा घालावी लागली, आणि रेल्वेने जादा डबे जोडले.

म्हणून प्रत्येक संभाव्य कारणासाठी वेगळा पर्याय शोधून ठेवा. आपल्या विद्यार्थिनीसाठी तो असा दिसतो:

- तिच्या कंपनीचा गोंधळ झाला, तर पुण्याहूनच दुसऱ्या कंपनीचं दुपारचं किंवा संध्याकाळचं विमान.
- पुणे विमानतळावरच अडचण आली, तर रस्त्याने मुंबई. साधारण चार तास धरा. मुंबई–दिल्ली हा देशातल्या सगळ्यात वर्दळीच्या मार्गांपैकी एक आहे, विमानं दिवसभर असतात.
- दिल्लीचा विमानतळच अडला, तर मुंबईला जाऊन काही उपयोग नाही. तिथे जयपूरचा विचार करा. तिथून दिल्ली रेल्वेने किंवा रस्त्याने पाच-सहा तास. मात्र दिल्लीहून वळवलेली विमानंही जयपूरकडे येतात, आणि रात्री तो रस्ताही धुक्यात असतो. म्हणून हा पर्याय दुपारपर्यंतच खरा.

रेल्वेचं काय? गोवा एक्स्प्रेस मिरज-पुण्यावरून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. पण पुण्यापासून पुढे तिला एक दिवसाहून जास्त लागतो, आणि उत्तरेत धुकं रेल्वेलाही अडवतं. म्हणजे विमान रद्द झाल्यावर धरायचा हा पर्याय नाही. दोन दिवस आधी निघणार असाल, तर तो मुख्य प्रवास म्हणून चांगला आहे.

या पर्यायांना एक निर्णयाची वेळ जोडा. आपल्या उदाहरणात मी लिहीन: "बुधवारी दुपारी २ पर्यंत विमान उडालं नाही, आणि नवी वेळ संध्याकाळी ६ च्या पुढची दिली, तर पैसे परत मागायचे आणि दुसरं तिकीट काढायचं." ही वेळ आधी ठरवली नाही, तर काय होतं ते विमानतळावर नेहमी दिसतं. फलकावर अर्ध्या-अर्ध्या तासाने वेळ पुढे सरकते, "आता निघेलच" म्हणत माणूस बसून राहतो आणि दरम्यान बाकीच्या विमानांतल्या जागा संपतात.

फलकापेक्षा आधी कळायचा एक मार्ग आहे. तुमच्या क्रमांकाचं विमान आत्ता कुठे आहे ते Flightradar24 वर बघा. ११:३० ला पुण्याहून निघणारं विमान १०:३० ला अजून दिल्लीतच उभं असेल, तर फलकावर काहीही लिहिलेलं असो, दिल्लीहून यायलाच दोन तासांच्या वर लागतात.

विमानापर्यंतचा आणि विमानानंतरचा रस्ता

बफर फक्त विमानाला लावून चालत नाही. सांगली–पुणे रस्त्याने साडेचार-पाच तास, आणि वाटेत खंबाटकी घाट आहे. तिथे एखादा ट्रक बंद पडला की दोन तास गेलेच म्हणून समजा. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं आणि चढायचं दार २५ मिनिटं आधी. ११:३० च्या विमानासाठी सकाळी सहाला सांगलीहून निघणं म्हणजे विमान चुकवण्याची सगळी तयारी स्वतःच करणं. मंगळवारी रात्रीची बस धरली, तर पहाटे पाचच्या सुमारास पुण्यात उतरता येतं आणि घाटातल्या अडचणीसाठी चार तास सुटतात.

दिल्लीत उतरल्यावर टर्मिनल कोणतं ते तिकिटावर बघा. टर्मिनल १ वरून मेट्रोची मॅजेंटा मार्गिका थेट आयआयटी स्थानकाला जाते. टर्मिनल ३ काही किलोमीटर लांब आहे आणि तिथली मेट्रो वेगळी आहे. दुपारी उतरल्यामुळे संध्याकाळी विभागाची इमारत प्रत्यक्ष बघून येता येते. सकाळी साडेआठला कॅम्पसमध्ये विभाग शोधत फिरण्यापेक्षा ते बरं.

मूळ प्रमाणपत्रं, जात-वैधता, गुणपत्रकं आणि मुलाखतीचे कपडे हे सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग दुसऱ्या दिवशी आली तरी तुमचं काही अडायला नको.

परतीचं तिकीट जोडून काढू नका, एकेरी दोन काढा. येण्या-जाण्याचं एकत्र तिकीट असेल आणि जाताना तुम्ही ते विमान सोडून दुसरं धरलंत, तर परतीचं आपोआप रद्द होऊ शकतं. आणि परतीलाही बफर लागतो. बऱ्याच विभागांत सकाळी लेखी परीक्षा होते, दुपारी किंवा संध्याकाळी निवडलेल्यांची यादी लागते आणि काहींची मुलाखत दुसऱ्या दिवशी होते. गुरुवारी संध्याकाळी सहाचं परतीचं विमान असेल, तर तुम्ही मुलाखतीत घड्याळ बघत बसाल. शुक्रवारी दुपारनंतरचं काढा.

नियम पैसे देतात, मुलाखत देत नाहीत

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम माहीत असावेत. विमान रद्द झालं, तर दुसरं विमान किंवा पैसे परत, यातलं एक तुम्ही निवडू शकता. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरी हीच निवड मिळते. आयत्या वेळी, न कळवता रद्द केलं, तर भरपाईचीही तरतूद आहे. पण कारण हवामान किंवा कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, तर भरपाई लागू होत नाही. म्हणजे धुक्यात जास्तीत जास्त तिकिटाचे पैसे परत येतील. प्रवास विम्याचंही तेच. तो रुपये देतो, गुरुवारची सकाळ देत नाही.

म्हणून खर्चाचा हिशेब असा करा. तिसऱ्या तिकिटाचे १,६०० जास्त आणि एका रात्रीचे, समजा, १,२००. एकूण २,८००. समोरच्या पारड्यात पुढच्या सत्रापर्यंतचे सहा महिने आहेत. संस्थेच्या कार्यालयाला मेल करून अतिथिगृह किंवा वसतिगृहात एका रात्रीची सोय होईल का ते जरूर विचारा, आणि प्रवासखर्च मिळणार असेल तर कोणत्या वर्गापर्यंत, ते पत्रात वाचा.

एवढं करूनही अडकलात, तर? मुलाखतीची वेळ उलटायची वाट बघू नका. उशीर होणार हे कळल्या क्षणी विभागाच्या समन्वयकांना मेल करा आणि फोनही करा. मेलमध्ये चार गोष्टी असू द्या: अर्ज क्रमांक, विमानाचा क्रमांक, आत्ता तुम्ही कुठे आहात, आणि विनंती. विनंती नेमकी असावी, "शेवटच्या क्रमांकाला घेता येईल का, किंवा ऑनलाइन घेता येईल का?" कंपनीकडून विमान रद्द किंवा उशिरा असल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि जोडा. सवलत देणं हा विभागाचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही. पण सकाळी ७ ला आलेल्या मेलवर विचार होऊ शकतो, ११ ला आलेल्यावर बहुतेक नाही. गेटवर बायोमेट्रिक हजेरी घेणाऱ्या परीक्षांना तर हाही मार्ग नाही. तिथे दार बंद झालं की संपलं, म्हणून अशा परीक्षेला बफर मुलाखतीपेक्षाही जास्त ठेवा.

तिकीट काढण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. हे विमान रद्द झालं तर पुढचं कोणतं? तेही त्याच कारणाने रद्द झालं तर कोणतं? आणि किती वाजता मी पहिलं सोडून दुसऱ्याकडे वळेन? तिन्ही ओळी भरता येत असतील तर तिकीट काढा. दुसरी ओळ कोरी राहत असेल, तर आणखी आधीचं विमान शोधा.